स्वेटर उतरवून हाफ शर्ट घातला, पण हात चिकटवल्यासारखे दिसतात: कुठे चुकतं आणि कसं सुधारायचं

गोव्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे हे काम वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतं. घरातला मोठा माणूस जन्मभर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरलेला असतो, पण त्याचा एकमेव स्पष्ट, हसरा, उभा फोटो असतो मनालीच्या सहलीतला. मागे बर्फ आणि अंगात जाड स्वेटर. भिंतीवर लावायला तो फोटो हवा असतो, फक्त "हाफ शर्टात करून द्या, स्वेटरात ते आमचे वाटतच नाहीत" अशी घरच्यांची मागणी असते. स्वेटरच्या जागी शर्ट बसवणं अवघड नाही. अडतं ते उघड्या हातांवर, कारण मूळ फोटोत हात नाहीतच. मनगटापासून दंडापर्यंतचा सगळा भाग नव्याने उभा करावा लागतो.

तक्रार नेहमी एकच असते. आयड्रॉपरने रंग अगदी जुळवलेला असतो, तरी फोटो पाहणारा म्हणतो, "हात दुसऱ्याचे लावलेत ना?" कुठे चुकलं ते त्याला सांगता येत नाही. करणारालाही बऱ्याचदा कळत नाही आणि मग तो रंगाच्याच मागे लागतो. ह्यू थोडा इकडे, सॅच्युरेशन थोडं तिकडे, तासभर तेच. बहुतेक वेळा चूक रंगात नसते, उजेडात असते.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

फोटोशॉपमध्ये सगळ्या लेयरच्या वर करड्या रंगाचा एक सॉलिड कलर लेयर टाका आणि त्याचा ब्लेंड मोड `Color` करा. फोटो कृष्णधवल दिसू लागेल. आता झूम कमी करून फोटो पोस्टकार्डाएवढा करा आणि चेहरा, हाताचा पंजा आणि नवा हात यांच्यावरून नजर फिरवा. कृष्णधवलातही हात वेगळा उठून दिसत असेल तर गडबड उजेडाची आहे. अशा वेळी रंगाला हात लावू नका, वेळ फुकट जाईल.

कृष्णधवलात सगळं एकसंध दिसलं तर तो लेयर बंद करा आणि त्याच्या जागी `Hue/Saturation` चा लेयर टाकून सॅच्युरेशन +६० करा. चित्र भडक आणि ओंगळ दिसेल, पण तेच हवं आहे. साध्या नजरेला न दिसणारा फरक आता ओरडून सांगतो: पंजा गुलाबी आणि हात पिवळा, किंवा हाताची खालची कड नारिंगी. हे दोन्ही तपासणी लेयर फाइलमध्ये शेवटपर्यंत ठेवा, फक्त डोळा बंद करून. दर दहा मिनिटांनी एकदा उघडून पाहण्याची सवय लागली की निम्मे घोटाळे तिथल्या तिथे पकडले जातात.

हात कुठून आणला, यावर पुढचं सगळं ठरतं

इंटरनेटवरून उचललेल्या हाताने काम सुरू केलं की पुढे कितीही कर्व्हज लावा, तो जागेवर बसत नाही. त्या हातावर स्टुडिओचा दिवा एका बाजूने पडलेला असतो आणि आपल्या फोटोत ढगाळ आकाश सगळीकडून उजेड टाकत असतं. सावलीची जागाच चुकलेली असेल तर रंग बदलून ती हलत नाही.

त्याच माणसाचा हाफ शर्टातला दुसरा फोटो मिळाला तर उत्तम, पण उभं राहण्याची ढब आणि उजेड जुळेल असा फोटो क्वचितच मिळतो. म्हणून त्याच बांध्याच्या नातेवाइकाचा, शक्यतो भावाचा किंवा मुलाचा फोटो काढावा. तोही नुसत्या हाताचा नको. घरात त्या माणसाचा जुना शर्ट असतोच. तो घालायला लावून शर्ट आणि हात एकत्रच टिपा. बाहीच्या काठाखाली त्वचेवर पडणारी सावली, बाहीच्या तोंडातून आत दिसणारा अंधार, कापडाचा दंडाशी असलेला संबंध, हे सगळं त्यात आयतं मिळतं. हात एका ठिकाणचा आणि शर्ट दुसऱ्या ठिकाणचा घेतला तर या गोष्टी हाताने रंगवाव्या लागतात आणि तिथेच बहुतेकांचं बिंग फुटतं.

फोटो कुठे काढायचा, हा आपल्याकडचा खास प्रश्न. मनालीच्या ढगाळ दिवशी उजेड वरून मऊ येतो आणि खालच्या बर्फावरून उलटून हनुवटीखाली आणि हाताच्या खालच्या बाजूलाही पोचतो. गोव्यात नेमकं उलट घडतं. अंगणातली तांबडी माती आणि न गिलावलेल्या चिऱ्याची भिंत खालून नारिंगी उजेड फेकतात, आणि बाजूला केळी असतील तर त्यात हिरवट छटा मिसळते. डोळ्याला हे जाणवत नाही, कॅमेरा मात्र अचूक पकडतो. म्हणून नातेवाइकाला बलकावात किंवा पोर्चच्या सावलीत, कडेपासून हातभर आत उभं करा आणि त्याच्या पायाशी, पुढच्या बाजूला पांढरी चादर अंथरा. चादर डबल बेडची हवी, टॉवेलने भागत नाही. ती बर्फाचं काम करते आणि मातीचा रंगही झाकते.

"उत्तरेच्या बाजूला सावली असते" हा नियम आपल्याकडे बारा महिने चालत नाही. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत ऊन असेल तर दक्षिणेचा पोर्च निवडा. पावसाळ्यातलं गच्च आभाळ मात्र मनालीच्या आभाळाच्या खूप जवळ जातं, आणि ते मिळालं तर सोडू नये.

कॅमेरा मूळ फोटोत जितक्या उंचीवर होता तितक्याच उंचीवर धरा. मोबाइलने काढलेल्या पूर्णाकृती फोटोत तो बहुधा काढणाराच्या छातीपाशी किंवा डोळ्यांपाशी असतो. अंतरही तेवढंच ठेवा. जवळ जाऊन काढलेला हात कोपराकडे फुगलेला दिसतो आणि मूळ शरीराशी त्याचं प्रमाण जुळत नाही. उजवा हात उलटा करून डावीकडे लावण्याचा मोहही टाळा, कारण हात उलटवला की उजेडाची बाजूही उलटते.

बाहीची जाडी म्हणजे हाताची जाडी नव्हे

पुढचं सगळं एका ठरावीक फोटोवर पाहू. मोबाइलचा मूळ फोटो, ३००० बाय ४००० पिक्सेल. माणूस समोर तोंड करून उभा, दोन्ही हात बाजूला सोडलेले, अंगात मरून रंगाचा स्वेटर, गळ्यातून फिकट निळ्या शर्टाची कॉलर डोकावते आहे. मागे बर्फाचा उतार, आभाळ ढगाळ.

इथे पहिली चूक होते ती बाहीच्या कडेलाच हाताची कड मानून त्वचा भरण्याची. त्यामुळे हात पैलवानासारखा दिसतो आणि घरचे पहिल्या नजरेत "हे ते नव्हेत" म्हणतात. खरी जाडी काढायला फोटोतच माप आहे. मनगट बाहीच्या काठाशी दिसतं, इथे त्याची रुंदी ९० पिक्सेल. हाताचा कोपराखालचा सर्वांत जाड भाग समोरून मनगटाच्या साधारण दीडपट, म्हणजे १३५ ते १४०. स्वेटरची बाही त्याच जागी २१० पिक्सेल आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी मिळून सत्तरेक पिक्सेल रुंदीचा बर्फाचा उतार नव्याने भरायचा आहे, आणि हात व कंबर यांच्यामधली फटही तेवढी मोठी होणार आहे. हा मागचा भाग हात लावण्याआधी पूर्ण करून वेगळ्या लेयरवर ठेवा. धडही स्वेटरमुळे फुगलेलं असतं, तेही दोन्ही बाजूंनी थोडं आत घ्यावं लागतं.

कोपर कुठे आहे हे स्वेटरच्या चुण्या सांगतात. बाहीच्या आतल्या बाजूला जिथे चुण्यांचा गठ्ठा पडतो तिथेच. खातरजमेसाठी पंजाची लांबी मोजा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इथे २९० पिक्सेल आहेत. मनगट ते कोपर हे अंतर त्याच्या सव्वापट ते दीडपट असतं, म्हणजे इथे ३९० च्या आसपास. चुण्या आणि माप जुळले की पेन टूलने हाताचा मार्ग आखा आणि नातेवाइकाचा हात स्मार्ट ऑब्जेक्ट करून त्यात बसवा. मोजमाप मनगटावरून करा: त्याचं मनगट ९० पिक्सेल झालं की थांबा. मग गरज असेल तरच वार्पने किंचित ओढा.

मूळ पंजा मात्र बदलू नका. माणसाची बोटं घरच्यांना चेहऱ्याइतकीच ओळखीची असतात. नवा हात मनगटाशी येऊन पंजाला मिळाला पाहिजे.

कुठल्या त्वचेशी रंग जुळवायचा

चेहऱ्याशी जुळवू नका. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. चेहऱ्यात रक्ताचा लालसरपणा जास्त असतो, थंडीत गाल आणि नाक आणखी तांबूस होतात, शिवाय बऱ्याच मोबाइलमध्ये चेहरा ओळखून त्यालाच उजळवण्याची सोय असते. हात जुळला पाहिजे तो पंजाच्या पाठीशी. जन्मभर हाफ शर्ट घातलेल्या माणसाचा हात उन्हाने बाहीच्या काठापर्यंत रापलेला असतो, त्यामुळे पंजाची पाठ आणि हाताची बाहेरची बाजू जवळजवळ एकाच रंगाची असतात. आतली बाजू थोडी फिकट आणि पिवळट. ज्याने नेहमी पूर्ण बाह्या घातल्या त्याच्या बाबतीत हे लागू नाही, त्याचा हात पंजापेक्षा उजळ असतो. म्हणून घरच्यांना सवय विचारून घ्या. त्याच वेळी घड्याळ कुठल्या हातात बांधत, मनगटाला गंडादोरा असे का, हेही विचारा.

पंजावरही कुठेही टिचकी मारून चालत नाही. बोटांची पेरं गडद असतात, बोटांची टोकं थंडीने लाल, आणि बाहीच्या काठाजवळची त्वचा मरून स्वेटरच्या उजेडाने रंगलेली. आयड्रॉपरचा `Sample Size` `11 by 11 Average` ठेवा आणि पंजाच्या पाठीच्या मधून, काठापासून ६०-७० पिक्सेल लांब, तीन ठिकाणचे आकडे घ्या: उजेडाची बाजू, मधला भाग आणि सावलीची बाजू. तेलकट चमक टाळा. चमकेत त्वचेचा नव्हे, आभाळाचा रंग असतो. नव्या हातावर त्याच दिशेला वळलेल्या तीन जागा निवडा. पंजाचा वर वळलेला भाग आणि हाताचा बाजूला वळलेला भाग यांची तुलना केली तर सगळं गणित फसतं.

आपल्या फोटोत पंजावर उजेडात २०६/१६८/१५०, मध्ये १५८/११६/९८ आणि सावलीत ९६/६६/५८ मिळाले. बलकावात काढलेल्या हातावर त्याच क्रमाने २२४/१८०/१४६, १८४/१३४/९८ आणि ८२/५०/३४. आकडे नीट वाचले तर गोष्ट उलगडते. नवा हात उजेडात जास्त उजळ आणि सावलीत जास्त गडद आहे, म्हणजे त्यात फरक जास्त. चादर अंथरूनही बर्फाइतका उजेड खालून आलेला नाही. आणि मनालीच्या पंजाची सावली नुसती उजळ नाही, निळसर आहे: निळा आकडा ३४ च्या जागी ५८. उजेडाच्या भागात मात्र निळ्यात फक्त चारचा फरक आहे.

एका कलर बॅलन्सने किंवा `Match Color` ने हे होत नाही, कारण सावलीला एक दुरुस्ती हवी आणि उजेडाला वेगळी. हाताच्या लेयरवर कर्व्हज लेयर क्लिप करा आणि प्रत्येक चॅनलमध्ये तीन बिंदू देऊन इनपुट आणि आउटपुटच्या चौकटींत आकडे टाइप करा:

```
Red      82 → 96     184 → 158    224 → 206
Green    50 → 66     134 → 116    180 → 168
Blue     34 → 58      98 → 98     146 → 150
```

आकडे टाकताक्षणी हात पंजाच्या अगदी जवळ येतो. नंतर डोळ्यांनी थोडं सैल करा, लेयरची अपारदर्शकता ९० टक्क्यांवर आणणं बहुधा पुरतं. हा कर्व्हज शर्टाला लावू नका. शर्टाचा रंग जुळवायला मूळ फोटोत कॉलर आहेच, तिच्यावरून वेगळा कर्व्हज करा. तसाही तोच शर्ट त्याने त्या दिवशी आत घातला होता, घरात मिळाला तर नातेवाइकाला तोच द्यावा.

स्वेटर गेला, पण त्याचा रंग मागे राहिला

हा दोष पटकन ध्यानात येत नाही आणि सापडला नाही तर शेवटपर्यंत छळतो. स्वेटरवरून उलटलेला लाल उजेड हनुवटीखाली, गळ्यावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पडलेला असतो. स्वेटर काढून फिकट निळा शर्ट घातला की तो लाल आता कुठून येतोय याचं उत्तर फोटोत उरत नाही. पाहणाराला कारण कळत नाही, पण चेहरा एका फोटोतला आणि धड दुसऱ्या फोटोतलं असं वाटत राहतं.

सॅच्युरेशन +६० चा तपासणी लेयर उघडा. हनुवटीखालचा भाग गालाच्या सावलीपेक्षा स्पष्ट लाल दिसेल. आकड्यांत पाहिलं तर गालाची सावली ११२/८०/७० आणि हनुवटीखाली ११८/७२/६८ असं काहीतरी. एक कर्व्हज घ्या, लालमध्ये थोडं खाली आणि हिरव्यात थोडं वर करून हनुवटीचे आकडे गालाच्या सावलीजवळ आणा. मास्क काळा करून मऊ ब्रशने फक्त हनुवटीखाली, गळ्यावर आणि मनगटाच्या आत रंगवा. फिकट शर्ट मरून स्वेटरपेक्षा जास्त उजेड परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखालचा भाग नव्या फोटोत किंचित उजळच असायला हवा. तीन-चार आकड्यांनी वर नेला तरी पुरे. जास्त केलं तर खालून बॅटरी मारल्यासारखं होतं.

गोलाई

रंग जुळला, उजेडाची पातळी जुळली, तरी हात पुठ्ठ्याचा वाटतो. याचा अर्थ गोलाई गेलेली आहे. हात म्हणजे नळकांडं. ढगाळ उजेडात वरची बाजू उजळ, मग हळूहळू गडद होत जाणारी सावली आणि अगदी कडेला पुन्हा किंचित उजळ, कारण शर्टाच्या आणि बर्फाच्या अंगाने तिथे उजेड परत येतो. म्हणजे सर्वांत गडद पट्टा कडेला नसतो, कडेपासून थोडा आत असतो. आपल्या १४० पिक्सेल रुंद हातात तो आतल्या कडेपासून २०-२५ पिक्सेलवर येईल. पुष्कळ जण कडेलाच गडद रंग फिरवतात. त्याने हाताभोवती काळी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि चिकटवल्याचा भास आणखी वाढतो.

दोन कर्व्हज लेयर घ्या, एक उजळ करणारा, एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे. मऊ ब्रशचा `Flow` ३ ते ५ टक्के ठेवून हाताच्या लांबीच्या दिशेने हलके फटकारे मारा. आडवे मारलेत तर त्वचेवर पट्टे पडतात. उजेडाची दिशा चेहऱ्यावरून ठरवा: नाकाखालची सावली कुठल्या बाजूला झुकली आहे ते पाहा, हातावरही तीच बाजू गडद. आभाळ ढगाळ असलं तरी ते सगळीकडे सारखं नसतं, एक बाजू जरा उजळ असतेच.

बाहीच्या काठाची सावली

शर्ट आणि हात एकत्र टिपले असतील तर हा भाग जवळजवळ सोडून देता येतो. वेगवेगळे आणले असतील तर सावधपणे करावा लागतो.

अशा माणसांच्या हाफ शर्टाची बाही सैल असते. तिचा काठ कोपराच्या चार-पाच सेंटिमीटर वर येतो, आपल्या फोटोत ७०-८० पिक्सेल, आणि तिचं तोंड दंडापेक्षा बरंच रुंद असतं. ते सरळ रेघ म्हणून दिसत नाही, चपट्या लंबवर्तुळासारखं दिसतं आणि मागचा काठ आतून थोडा दिसतो. आत अंधार. हा आतला काठ काढायचा राहिला की बाही हातावर रंगवल्यासारखी सपाट होते.

सावली दोन टप्प्यांची हवी. बाही जिथे त्वचेला टेकते तिथे चार-पाच पिक्सेलची अरुंद गडद रेघ, आणि तिच्याखाली ५०-६० पिक्सेलमध्ये विरत जाणारी मऊ सावली. ढगाळ फोटोत दुसरी सावली फिकटच असते. कडक उन्हाच्या फोटोत मात्र ती धारदार आणि लहान असेल. काळ्या ब्रशने रंगवू नका, त्वचा राखेसारखी होते. कर्व्हज मधून खाली ओढा आणि मास्कमध्ये रंगवा. रेघेपाशी आकडे पंजाच्या सावलीच्या जवळ, म्हणजे ९६/६६/५८ किंवा थोडे खाली यायला हवेत. कर्व्हजने गडद केलं की त्वचा जास्त लाल होते. बाहीच्या अगदी तोंडाशी तेवढी लाली खरीही वाटते. खालच्या मऊ सावलीत ती खटकली तर त्या लेयरचा ब्लेंड मोड `Luminosity` करा.

मनगटाचा सांधा आणि पोत

मनगटाशी मास्क एकाच मऊपणाचा ठेवू नका. हाताची बाहेरची कड मूळ फोटोत जितकी तीक्ष्ण आहे तितकीच ठेवा आणि फक्त आतली त्वचा १५-२० पिक्सेलमध्ये मिसळू द्या. सांधा मनगटाच्या नैसर्गिक घडीवर आणला तर तो डोळ्याला दिसत नाही. घड्याळ असेल तर कामच सोपं. मूळ स्वेटरच्या काठाखाली घड्याळ झाकलेलं असेल, तर नातेवाइकाला तेच बांधायला लावा, सांधा पट्ट्याखाली जातो.

पोताचा फरक छापल्यावर कळतो, स्क्रीनवर सहसा नाही. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या हातावर एकेक केस दिसतो आणि मोबाइलमधला पंजा घोटून गुळगुळीत झालेला असतो. हात योग्य मापाला लहान केल्यावर `Gaussian Blur` ०.५ ते ०.८ पिक्सेल द्या, मग `Filter > Noise > Add Noise` मध्ये १ ते १.५ टक्के, `Gaussian`. जुळणी १०० टक्के झूमवर आणि फक्त ब्लू चॅनल उघडून पाहा, दाणे तिथे सर्वांत ठळक असतात. तिथे पंजा आणि हात एकसारखे दिसले की बाकी चॅनल बघायची गरज नाही.

फाइलच अडचणीची असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो घेऊन कामाला बसू नका. त्यात रंगाची माहिती चुरगळलेली असते आणि ८ बाय ८ पिक्सेलचे जेपीइजी चौकोन त्वचेवर दिसतात. नव्या हातावर ते चौकोन नसतात, म्हणून कितीही जुळवला तरी तो वेगळा कळतो. मूळ फाइल मागा, ज्याच्या मोबाइलमध्ये काढला त्याच्याकडून, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आपल्या ३००० बाय ४००० च्या फोटोतून १२ बाय १५ इंचाची फ्रेम कापली तर इंचाला २५० पिक्सेल मिळतात, भिंतीवरच्या फ्रेमला ते पुरेसे आहेत.

हाताची घडी घातलेला फोटो किंवा कुणाच्या खांद्यावर टाकलेला हात असेल तर तीच ढब नातेवाइकाकडून हुबेहूब करून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बोटांखाली दबलेलं कापड असतं तिथे आता त्वचा दबलेली दाखवावी लागते आणि ती रंगवून जमत नाही. अशा वेळी छातीपर्यंतचा कट सुचवा. त्यात दंडाचा जेमतेम वीतभर भाग येतो, तोही बहुतेक बाहीखाली, आणि मनगटाचा सांधा उरतच नाही. पासपोर्टसारख्या सरकारी ओळखपत्रासाठी मात्र हे काम घेऊ नये, तिथे फेरफार केलेला फोटो चालत नाही.

छापायला देण्याआधी हात आणि पंजा दोन्ही येतील असा चार बाय सहा इंचाचा तुकडा पूर्ण मापात कापून एक चाचणी प्रिंट काढा. लॅबच्या कागदावर सावल्या स्क्रीनपेक्षा गडद येतात आणि बाहीखालची सावली सर्वांत आधी बंद होते. ती बंद झाली असेल तर सगळा फोटो उजळवू नका, फक्त त्या सावलीच्या लेयरची अपारदर्शकता दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा आणि तोच तुकडा पुन्हा छापा. प्रिंट ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात नेऊन बघा.